शाळेच्या डब्यात मोड आलेली कडधान्यं आणि फळं : कॅन्टीन समितीला पत्र कसं लिहावं?

प्रश्न : मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. शाळा परभणीत. डबा शाळेच्या कॅन्टीनमधूनच मिळतो, महिन्याचे पैसे आधी भरावे लागतात. डब्यात पोळी आणि बटाटा, कधी पुलाव, वर बिस्किटाचा पुडा. कॅन्टीन समितीला मी पत्र लिहिलंय : "मोड आल्यावर कडधान्यातली प्रथिनं दुप्पट होतात. तरी मुलांना रोज कच्ची मोड आलेली मटकी-मूग आणि कापलेली हंगामी फळं द्यावीत." मागच्या वर्षी एका आईनं असंच पत्र दिलं होतं, तर "शक्य नाही" एवढंच उत्तर आलं. मी पत्रात काय बदलू?

उत्तर :

ताई, तुमची मागणी रास्त आहे, पण पत्रातले तीन शब्द तिला मारक आहेत : "दुप्पट", "कच्ची" आणि "कापलेली". वसतिगृहांची आणि शाळांची स्वयंपाकघरं मी आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं पाहत आले आहे, अशा समित्यांच्या बैठकांनाही बसले आहे. समिती "शक्य नाही" म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुतेक वेळा एकच भीती असते, की उद्या शंभर लेकरांना एकदम उलट्या झाल्या तर जबाबदार कोण? पत्रातच या भीतीचं उत्तर असलं तर पुढची चर्चा सोपी जाते.

आधी "दुप्पट". मोड आले म्हणून प्रथिनं वाढत नाहीत. मटकी पाणी पिते, फुगते, तिचं वजन दुपटीहून जास्त होतं, पण आतली प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात. उलट वाटीभर मोडांत वाटीभर कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच असतात, कारण वाटीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. मोडांचा फायदा वेगळा आहे. दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त शरीराला जास्त लागू पडतं. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, म्हणून उसळ लेकरांना सोसते. मोडांत थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं, त्यातलं काही शिजवताना जातं. शिवाय उसळ लवकर शिजते, गॅस वाचतो. पत्रात एवढंच लिहा. समितीत एखादा विज्ञानाचा शिक्षक असतोच, आणि "दुप्पट"वर त्यानं बोट ठेवलं की बाकीचं पत्र कोणी वाचत नाही.

यातूनच सगळ्यात कामाची गोष्ट निघते. मागणी कोरड्या वजनात करा. "मोड आलेली मटकी द्या" असं लिहिलं तर कंत्राटदार पोळीच्या कडेला चमचाभर मोड टाकेल आणि मागणी पूर्ण झाली म्हणेल. "दर डब्याला कोरडी मटकी 25 ग्रॅम" लिहिलं तर ते मोजता येतं. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या पोषण आहारात डाळ-कडधान्याचं प्रमाण पाचवीपर्यंत 20 ग्रॅम आणि सहावी ते आठवी 30 ग्रॅम आहे. तुमच्या शाळेत दोन्ही वयाची मुलं एकाच प्रकारचा डबा खातात, म्हणून मधला आकडा धरला. त्यातून प्रत्येकाला पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. राज्य शासनानं 2024 च्या जूनमध्ये पोषण आहाराच्या ज्या पाककृती ठरवल्या, त्यांतही मोड आलेली कडधान्यं होती. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, आणि हे एका वाक्यात जरूर लिहा.

आता "कच्ची". हा शब्द पत्रातून काढूनच टाका. मोड येण्यासाठी जे लागतं, म्हणजे ओल, ऊब आणि वेळ, तेच जंतूंनाही लागतं. दाण्याच्या सालीवरच्या भेगांत जंतू असतील तर मोड येता येता त्यांची संख्या कैक पटींनी वाढते, आणि नंतर कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत. 1996 साली जपानमधल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कच्च्या मोडांवर गेला होता. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या साथीत माणसं दगावली. घरी तुम्ही स्वतः भिजवलेली मटकी कांदा-लिंबू घालून खाता, तो निर्णय तुमचा. शंभर डब्यांच्या स्वयंपाकघरात मात्र मोड शिजवूनच द्यायचे. चांगली उकळी येऊन दहा-बारा मिनिटं झाकून शिजले, दाणा बोटांनी दाबल्यावर सहज चेपला, की झालं. नुसती वाफ दाखवून हिरवट कचकचीत ठेवलेली उसळ मी कोणत्याही शाळेत मान्य करणार नाही.

शिजवायचं म्हटलं तरी मोड नीट यायला हवेत, आणि मराठवाड्यात ते ऋतूप्रमाणे बदलतं. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याची थंडी असते, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एकच वेळापत्रक वर्षभर चालवलं की हिवाळ्यात मोड येत नाहीत आणि उन्हाळ्यात मटकी आंबते. म्हणून सुरुवातीला रोज न मागता आठवड्यातून एकच दिवस मागा, आणि तो वार ठरवताना मागे मोजत जा. सोमवारी उसळ हवी असेल तर रविवारी कोणीतरी भिजू घालून, उपसून, बांधायला हवं, आणि रविवारी स्वयंपाकघर बंद असतं. मंगळवारीही हिवाळ्यात तीच अडचण. म्हणून पत्रात बुधवार मागा. सोमवार-मंगळवार हातात राहतात.

तुमच्या शाळेत 120 डबे जातात असं धरू. 25 ग्रॅमप्रमाणे कोरडी मटकी 3 किलो लागेल, मोड आल्यावर ती साडेसहा-सात किलो भरेल. थंडीत ती सोमवारी संध्याकाळी कोमट पाण्यात भिजू घालायची, मंगळवारी सकाळी उपसून बांधायची, म्हणजे बुधवारी सकाळपर्यंत मोड येतात. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे मंगळवारी सकाळी भिजवून दुपारी चारच्या सुमारास बांधली तरी पुरतं. मार्च-एप्रिलमध्ये मंगळवारी दुपारी भिजवावी, मधे एकदा पाणी बदलावं, संध्याकाळी सातला बांधावी. बुधवारी पहाटे मोड तयार असतात, आणि त्यानंतर मटकी बाहेर ठेवायची नाही. लगेच शिजवायची, नाहीतर फ्रीजमध्ये. मोड अर्ध्या दाण्याएवढे आले की बस. लांब मोड दिसायला छान, पण शाळेच्या उसळीला त्यांचा काही उपयोग नाही, उलट जास्त वेळ म्हणजे जास्त धोका.

भिजल्यावर एक काम कोणी विसरू नये, ते म्हणजे गणंग दाणे वेचणं. काही दाणे कितीही भिजवले तरी फुगत नाहीत, शिजतही नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. भिजलेली मटकी परातीत पसरली की ते लहान आणि गडद दिसतात. दुसरीतल्या पोरानं एकदा असा दाणा चावला की तो वर्षभर उसळीला हात लावत नाही.

मोठ्या प्रमाणात हमखास होणारी चूक म्हणजे सगळी मटकी एकाच फडक्यात गच्च बांधणं. मोड येताना दाणा श्वास घेतो, उष्णता सोडतो. ओल्या कडब्याची गंजी जशी आतून तापते, तशी सात किलोची गठडी मधोमध तापते, आणि वरचे दाणे ताजे दिसत असताना आतले आंबतात. म्हणून एका गठडीत कोरडं वजन एक किलोच्या वर नको. फडकं दर वेळी उकळलेलं, गठड्या जमिनीवर न ठेवता चाळणीत, म्हणजे पाणी निथळत राहतं. तपासणी नाकानं होते. गठडी सोडल्यावर हिरव्या शेंगेसारखा ताजा वास यायला हवा. आंबूस वास आला, दाणे बोटाला चिकटले, तार सुटली किंवा मोडाचं टोक तपकिरी पडलं असेल तर ती गठडी टाकून द्यायची. धुऊन, मसाला वाढवून खपवायची नाही. त्या दिवशी डाळ शिजवायची. डाळ हा पर्याय पत्रातच लिहून ठेवा, म्हणजे खराब मटकी वापरण्याचा मोह स्वयंपाक्याला होणार नाही.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवतं, आणि आजही कित्येक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. तीन किलो मटकी धुणं, भिजवणं, पाणी बदलणं, उपसून पुन्हा धुणं यात मिळून तीस-चाळीस लिटर पाणी जातं. ते पाणी पिण्याच्याच प्रतीचं हवं. हौदात आठवडाभर साठलेलं पाणी मोडांना वापरलं तर मटकी निवडून, धुऊन, गठड्या बांधून केलेली सगळी मेहनत वाया जाते. टंचाईच्या महिन्यात समितीनं मोडांऐवजी अख्ख्या मसुराची किंवा मुगाच्या डाळीची उसळ मान्य करावी. त्यांना पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागतं, आणि लेकरांचं प्रथिनांचं माप बदलत नाही.

शिजवण्याची वेळ जेवणाच्या सुट्टीवरून ठरवायची. सुट्टी साडेबाराला असेल तर उसळ साडेदहाच्या आधी उतरायला नको. शिजलेलं अन्न कोमट होऊन पडून राहिलं की दोन तासांत धोका सुरू होतो, आणि एप्रिलच्या उकाड्यात तर तासाभरातच. डब्यात जायची उसळ सुकी, गरम भरलेली. ओलं खोबरं, कच्चा कांदा, टोमॅटो, दही यातलं काही वरून घालायचं नाही. लिंबाची फोड शाळेत वाढताना द्यावी, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह जास्त शोषलं जातं. काळ्या मसाल्याचा हात लहानांसाठी निम्मा ठेवावा. शेंगदाण्याचं कूट घालायचं असेल तर कोणत्या मुलाला त्याची ॲलर्जी आहे याची यादी वर्गशिक्षकांकडून आधी घ्यावी.

फळांचं पाहू. "हंगामी" म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बीडकडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि आपला केसर आंबा येतो. तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तिन्हींचा अभिमान मलाही आहे, आणि तिन्ही शाळेच्या डब्यासाठी गैरसोयीची आहेत. सीताफळ झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतं, आणि नेमकं बुधवारीच पिकलेली 120 सीताफळं कोणी आणून देऊ शकत नाही. वर बिया, हात चिकट, आणि वर्गात नळ नाही. मोसंबी लहान मुलाला सोलता येत नाही, कापून दिली तर आपण पुन्हा कापलेल्या फळाच्या धोक्यात शिरलो. केसर बाजारात भरपूर येईपर्यंत उन्हाळी सुट्टी लागते. ही फळं घरी खाऊ घाला.

डब्यासाठी कसोटी साधी आहे : फळ अख्खं देता यावं, मुलाला हातानं खाता यावं, सकाळी धुऊन दुपारपर्यंत टिकावं. कापलेलं फळ मी मागणार नाही, कारण सुरी, पाट आणि हात या तिन्हींची स्वच्छता शंभर डब्यांना रोज सांभाळणं अवघड असतं, आणि साल काढलेल्या फळावर माशी पहिली बसते. या कसोटीला वर्षभर उतरतं ते केळ. नांदेडजवळच्या अर्धापूर भागात ते मोठ्या प्रमाणात पिकतं, म्हणून मिळण्याची अडचण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पेरू, आणि मटकीच्या दिवशी पेरूसारखं दुसरं फळ नाही. त्यात संत्र्याच्याही कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, म्हणून उसळ आणि पेरू एकाच दिवशी मागा. मध्यम आकाराचा एक पेरू लहानांना जास्त होतो, म्हणून खरेदी करतानाच लहान फळं घ्यावीत. पावसाळ्यातला पेरू मात्र टाळा, त्यात फळमाशीच्या अळ्या हमखास निघतात. हिवाळ्यात संत्रं चालतं, सोलायला सोपं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकू. द्राक्षं आणि बोरं खालच्या वर्गांना देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते, पाचवीच्या पुढे द्यायला हरकत नाही. फळाचं नाव पत्रात पक्कं करू नका. "त्या महिन्यात बाजारात स्वस्त असलेलं एक अख्खं फळ, ते न मिळाल्यास केळ" असं लिहा. भाव वाढला की कंत्राटदार फळच बंद करतो, ते यामुळे होणार नाही.

खर्च तुम्हीच मांडून द्या, समितीवर सोडू नका. मटकीचा भाव किलोला 120 रुपये धरला तर 3 किलोचे 360, म्हणजे डब्यामागे 3 रुपये. तेल, कांदा, मसाला, गॅस धरून साडेचार-पाच. फळाला पाच-सहा रुपये. एकूण दहा-अकरा. त्या दिवशी बटाट्याची भाजी आणि बिस्किटाचा पुडा दोन्ही वगळायचे, त्यांची किंमत यातून वजा करा. उरलेला फरक किती, हे तुमच्या बाजारातले आजचे भाव घालून काढा आणि तो देण्याची पालकांची तयारी आहे का, हे दहा-बारा जणींना आधी विचारून ठेवा. या हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. महिन्यात चार बुधवार म्हणजे 12 किलो मटकीचं बिल असायलाच हवं. समितीतल्या एकानं महिनाअखेरीला ते बिल पाहिलं की डब्यात किती गेलं ते कळतं, रोज वाटी मोजत बसायला नको.

नियमांचा उल्लेख करावा, पण धमकीसारखा नको. शाळेतल्या मुलांसाठी सुरक्षित अन्न आणि संतुलित आहाराचे केंद्राचे नियम 2020 साली निघाले. त्यांप्रमाणे जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. बिस्किटाच्या पुड्याऐवजी फळ मागताना हा आधार पुरेसा आहे. कंत्राटदाराच्या अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक समितीकडे आहे ना, एवढं नम्रपणे विचारा.

आता पत्र. मी ते असं लिहीन :

"मा. अध्यक्ष व सदस्य, कॅन्टीन समिती, यांस सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत शिकतो. दोघंही शाळेचा डबा खातात. डब्यात आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, मोड आलेल्या कडधान्याची शिजवलेली सुकी उसळ आणि एक अख्खं धुतलेलं हंगामी फळ द्यावं, ही विनंती. कडधान्य दर डब्याला कोरड्या वजनात 25 ग्रॅम असावं. मोड कच्चे देऊ नयेत आणि फळ कापून देऊ नये, म्हणजे संसर्गाची भीती राहणार नाही. मोड नीट आले नाहीत किंवा पाण्याची टंचाई असली, तर त्या दिवशी अख्खा मसूर किंवा डाळ द्यावी. हंगामी फळ न मिळाल्यास केळ द्यावं. त्या दिवशी बटाट्याची भाजी व बिस्किटं नसावीत. अंदाजे खर्च सोबत जोडला आहे. वाढीव रक्कम देण्यास तयार असलेल्या पालकांच्या सह्या मागे आहेत. पहिला महिना हा प्रयोग समजावा. उरलेली उसळ दर बुधवारी तोलून लिहून ठेवावी, आणि महिनाअखेरीला तो आकडा पाहून पुढे चालू ठेवायचं की बदलायचं, हे समितीनं ठरवावं. पहिल्या दोन बुधवारी स्वयंपाकघरात मदतीला यायला मी तयार आहे. आपली नम्र..."

उरलेली उसळ तोलण्याचं वाक्य वगळू नका. पहिल्या बुधवारी भरपूर उरेल, ते अपेक्षितच आहे. लेकरांना बटाट्याची सवय आहे. तिसऱ्या-चौथ्या बुधवारीही 120 डब्यांमागे दोन-अडीच किलोच्या वर उसळ परत येत असेल तर आधी चव तपासा. बहुतेक वेळा ती आळणी असते किंवा कोरडी ठक्क झालेली असते. कांदा वाढवून, शेवटी चमचाभर गूळ घालून फरक पडतो. तरीही उरत असेल तर मटकीऐवजी मूग करून पाहा, खालच्या वर्गांना मूग जास्त आवडतो. हरभरा आणि हुलगा पहिल्या सत्रात नको. दोन्ही भिजायला आणि शिजायला जास्त वेळ घेतात, आणि नव्या माणसाच्या हातून कच्चे राहतात. बुधवार नीट बसला की मग शुक्रवारची मागणी करा.

पत्र कधी द्यायचं तेही महत्त्वाचं आहे. कॅन्टीनचं कंत्राट नव्यानं ठरण्याआधी, म्हणजे बहुतेक शाळांत मार्च-एप्रिलमध्ये, ते समितीच्या हातात पडलं तर 25 ग्रॅमचा आकडा आणि बुधवार कंत्राटातच लिहिला जाऊ शकतो. वर्ष सुरू झाल्यावर दिलं तर कंत्राटदाराच्या मर्जीवर राहावं लागतं, त्या वेळी फक्त महिन्याच्या प्रयोगाचीच मागणी करा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यावा, असं मुख्याध्यापकांना तोंडी सांगून या.